कॅन्सल चेकवरून पेमेंट थांबलं त्याबद्दल, मालकाकडून उत्तर

⭐ "काम संपून 22 दिवस झाले तरी पैसे नाहीत. तीन वेळा कॅन्सल चेक मागितला, मग बँकेचं लेटर आणा, ते आणलं तर म्हणे शिक्का नाही. बायकोच्या नंबरवर यूपीआय करा म्हटलं तर तेही नाही. काम करून घेताना कागद लागले नाहीत, पैसे द्यायच्या वेळी बरे आठवले. पेमेंट बुडवायचे धंदे."

दादा नमस्कार, मी स्टॉल फॅब्रिकेशनचं युनिट चालवतो, मालक मीच. तुमचं रंगकाम एक नंबर होतं, मोशीच्या एक्झिबिशनला क्लायंटने स्वतः विचारलं हे पॅनल कोणी रंगवले म्हणून, त्यामुळे हा रिव्ह्यू वाचून वाईट वाटलं आणि त्यातला अर्धा राग बरोबर आहे म्हणून सगळं इथेच लिहितो. तुमचा खाते नंबर, बँक वगैरे काहीही इथे टाकत नाहीये.

पहिलं म्हणजे कागद कामाच्या आधीच घ्यायला पाहिजे होते. एक्झिबिशनला चार दिवस राहिले होते, आधीचा पेंटर आजारी पडला, घाईत तुम्हाला बोलावलं आणि व्हेंडर फॉर्म राहून गेला. ही चूक आमची. दुसरं, अकाउंट्सवाल्या पोराने तुम्हाला एकेक गोष्ट सुटी सुटी सांगितली, सगळं एकदम सांगितलं असतं तर तुमच्या बँकेच्या खेपा वाचल्या असत्या. त्यासाठी मनापासून सॉरी.

पण प्रत्येक वेळी नाही का म्हटलं ते पण ऐका, कारण ते उगाच नव्हतं. तुमच्या पहिल्या चेकवर जाड मार्करने कॅन्सल असं लिहिलं होतं आणि ते नेमकं खाते नंबरवरून गेलं होतं, मधला आकडा 3 आहे का 8 तेच कळेना. शिवाय खाली सहीपण केलेली आणि फोटो व्हॉट्सअॅपवर. कॅन्सल चेकवर सही करायचीच नसते दादा, तुमच्या सहीचा नमुना दुसऱ्याच्या फोनमध्ये कशाला पाहिजे, तो फोटो आम्ही डिलीट केलाय. दोन आडव्या तिरक्या रेघा, मधे कॅन्सल्ड, आणि नाव, नंबर, आयएफएससी मोकळं दिसलं पाहिजे, बस एवढंच.

दुसरा चेक स्वच्छ होता पण त्यावर नावच छापलेलं नव्हतं. नवीन खातं उघडल्यावर किटमध्ये जे चेकबुक लगेच हातात देतात त्यावर बऱ्याचदा नाव नसतं, त्यात तुमची काही चूक नाही. पण मग तो चेक एवढंच सांगतो की असा नंबर या ब्रँचला आहे, कोणाचा आहे ते सांगत नाही. आणि आम्हाला हवं होतं तेच नेमकं.

आता तुम्ही म्हणाल नंबर बरोबर आहे ना मग नाव कशाला. एनईएफटीत पैसे फक्त खाते नंबरवर जमा होतात, फॉर्मवर आपण जे नाव टाकतो ते समोरची बँक जुळवत बसत नाही. 2022 मध्ये आमच्या एका जुन्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या ईमेलवरून मेल आला, खातं बदललंय, सोबत कॅन्सल चेकचा स्कॅन. नाव त्याचंच छापलेलं, आम्ही 2,36,000 टाकले. आठ दिवसांनी त्याचाच फोन, शेठ पैसे कधी? त्याचा मेल कोणीतरी उघडला होता आणि चेकवरचा नंबर आणि आयएफएससी खोडून दुसरा बसवला होता. 1930 वर तक्रार केली, पण तोवर बरेचसे पैसे काढून झाले होते, आणि ट्रान्सपोर्टवाल्याला परत पूर्ण द्यावे लागले ते वेगळंच. नंतर तोच स्कॅन मोठा करून बघितला तेव्हा दिसलं, चेकच्या तळाला जी मॅग्नेटिक शाईची पट्टी असते त्यातला नऊ आकडी कोड 411 ने सुरू होत होता म्हणजे पुण्याचा, आणि वर छापलेला आयएफएससी टाकून बघितला तर ब्रँच दुसऱ्याच राज्यातली. वरचं बदललं, खालची पट्टी बदलायची राहिली. तेव्हापासून प्रत्येक चेकवर आम्ही हे दोन्ही जुळवतो, आणि खातं बदलायचा मेल आला की आमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारतो, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

आता रिझर्व्ह बँकेने 2025 पासून एनईएफटीच्या आधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय करायला लावलीये, तुमचा नंबर आम्ही त्यात टाकून बघितला. नाव तुमचं नाही, दुकानाचं आलं. बिल दुकानाच्या नावाने, पॅन तुमच्या नावाने. तुम्ही शॉप अॅक्टचं सर्टिफिकेट पाठवलंत, पण त्यावरून त्या नावाचं दुकान तुमचं आहे एवढं कळतं, हे खातं तुमच्याच दुकानाचं का त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाच्या दुकानाचं ते नाही कळत. तुमच्या दुकानासारख्या नावाची दुकानं एकट्या पिंपरी-चिंचवडमध्ये किती निघतील सांगा. हे दोन्ही जोडणारा कागद म्हणजे बँकेचं लेटर, ज्यात लिहिलेलं असतं की अमुक नंबरचं करंट खातं अमुक दुकानाचं आणि त्याचे प्रोप्रायटर तुम्ही.

तुम्ही आणलेलं लेटर लेटरहेडवर होतं पण शिक्का नाही, सही कोणाची ते नाव नाही, तारीख नाही, आणि प्रोप्रायटर हा शब्दच नव्हता. असं लेटर कोणीही कॉम्प्युटरवर बनवू शकतो, तुम्ही बनवलं असं अजिबात म्हणत नाहीये. शिक्का असलेल्या लेटरलासुद्धा आम्ही बँकेच्या वेबसाइटवरचा ब्रँचचा नंबर काढून फोन करतो.

वहिनींच्या यूपीआयचं सांगतो. साधारण यूपीआयला एका दिवसाची मर्यादा 1 लाख, तुमचं बिल 1,84,000. पण तेही सोडा. त्यांच्या खात्यावर टाकले तर आमच्या वहीत तुमचं बिल तसंच बाकी दिसणार, टीडीएस तुमच्या पॅनवर भरणार, पैसे मात्र तिसऱ्याच माणसाला गेलेले. उद्या तुमच्यात आमच्यात काही वाद झाला तर तुम्हाला पैसे मिळाले हे मी दाखवू शकत नाही, आणि तुम्हीही नाही.

आता पुढचं. तुम्हाला परत बँकेत एकट्याला जायला लावत नाही. लेटरमध्ये काय काय पाहिजे तो मजकूर टाइप करून तुम्हाला पाठवलाय, तो मॅनेजरला दाखवा, नाव, हुद्दा, शिक्का, तारीख त्यावर येऊ द्या. आमचा माणूस गुरुवारी तुमच्याबरोबर ब्रँचला येईल. लेटरचा बँकेने काही चार्ज घेतला तर पावती द्या, तो आमच्याकडून. ब्रँचला फोन झाला की त्याच दिवशी 1 टक्का टीडीएस कापून 1,82,160 टाकतो आणि यूटीआर नंबर पाठवतो. तुमचे जे दोन हेल्पर होते त्यांचे पैसे तुमच्यावर बाकी असतील तर मला फोन करा, त्यांच्याकडे चेकबुक नसेल तरी चालेल, फोटो आणि ब्रँचचा शिक्का असलेलं पासबुकचं पहिलं पान आणि तुमचं लेखी पत्र द्या, तेवढी रक्कम तुमच्या बिलातून वजा करून मी थेट त्यांच्या खात्यावर टाकतो.