पेनड्राइव्हची पहिली दहा सेकंदं

परवा मावसभावाचा फोन. "दादा, नवा पेनड्राइव्ह बाद निघाला. सुरुवातीला ३५० एमबीने पळत होता, आता १२ वर आलाय. बदलून घेऊ का?"

मी म्हटलं, "पेनड्राइव्ह ३५० ने पळालाच नव्हता. तो पहिल्यापासून १२ नेच चाललाय."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. म्हणून हे लिहितोय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी विचारतंच.

त्याची केस सरळ होती. लॅपटॉपवर लिनक्स, ८ जीबी रॅम. नुकतीच डाउनलोड केलेली ६ जीबीची एक फाइल पेनड्राइव्हवर टाकायची होती. पट्टी झपकन एक जीबीपर्यंत गेली आणि मग रांगायला लागली. शेवटी १०० टक्के झालं, पण पेनड्राइव्ह काढायला गेला तर सिस्टीम म्हणते थांबा, अजून लिहिणं चालू आहे. भाऊ वैतागला, यात नवल नाही.

झालं असं. आपण कॉपी म्हणतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम डेटा आधी रॅममध्ये घेते आणि "लिहिलं" असं सांगून मोकळी होते. पेनड्राइव्हवर प्रत्यक्ष लिहिण्याचं काम मागे सावकाश चालू राहतं. त्यात फाइल नुकतीच डाउनलोड झालेली, म्हणजे तिचा बराचसा भाग आधीच रॅममध्ये पडून होता. डिस्कवरून वाचायचीही फारशी गरज नाही. रॅममधून रॅममध्येच जायचं, मग ३५० का दिसणार नाही?

पण ही उधारी अमर्याद नसते. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला मोकळ्या रॅमच्या साधारण २० टक्क्यांपर्यंतच असा न लिहिलेला डेटा साठू देतात, आणि त्या हद्दीच्या जवळ गेलं की कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला लगाम लागतो. भावाच्या मशीनवर ही हद्द एक जीबीच्या आसपास आली. तिथून पुढे पेनड्राइव्ह जेवढं रिकामं करेल तेवढंच नवीन आत जाणार. म्हणजे खरा वेग पहिल्यांदा दिसला तो तिथे.

आता हिशोब करा. ६००० एमबी, १२ एमबीच्या वेगाने, म्हणजे ५०० सेकंद, आठ मिनिटांच्या थोडं वर. पट्टीने पहिला जीबी काही सेकंदांत दाखवला, उरलेल्या पाच जीबीला सात मिनिटं लावली, आणि १०० टक्के झालं तेव्हाही रॅममध्ये एक जीबी शिल्लक होता. तो उतरायला आणखी सव्वा-दीड मिनिट. म्हणजे पट्टी दोनदा खोटं बोलली, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. या शेवटच्या दीड मिनिटात पेनड्राइव्ह उपटला की फाइल अर्धवट, आणि मग दोष फाइल देणाऱ्याला.

बघायचं असेल तर कॉपी चालू असताना टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
watch "grep -E 'Dirty|Writeback:' /proc/meminfo"
```

Dirty चा आकडा फुगतो आणि कॉपी "संपल्यावर" हळूहळू उतरतो. Dirty आणि Writeback दोन्ही जवळपास शून्यावर येईपर्यंत हात लावू नका. नाहीतर सरळ `sync` द्या आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा.

विंडोजमध्ये हा भाग थोडा वेगळा. विंडोज १० च्या 1809 आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हला Quick removal ही पॉलिसी आपोआप लागते, त्यामुळे रॅममधली उधारी कमी होते. तरीही तिथे सुरुवातीला वेग चढलेला दिसतो, कारण दुसरी उधारी खुद्द पेनड्राइव्हच्या पोटात असते.

पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीच्या पेशीत विद्युतभार साठवतात. एका पेशीत एकच बिट ठेवायचा तर भार आहे की नाही एवढंच बघायचं, काम पटकन होतं. हल्ली एका पेशीत तीन बिट कोंबतात, म्हणजे भाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या. चार बिट असतील तर सोळा. पेला भरलेला की रिकामा एवढंच बघणं वेगळं आणि आठ खुणांपैकी नेमक्या पाचवीपर्यंत भरणं वेगळं. थोडं ओता, बघा, पुन्हा थोडं ओता. म्हणून बरे पेनड्राइव्ह थोड्या पेशी एक-बिट पद्धतीने वापरतात, आलेला माल तिथे भराभर उतरवून घेतात आणि नंतर सवडीने नीट लावतात. ती जागा भरली की थेट दाटीवाटीत लिहावं लागतं, किंवा लिहिता लिहिताच आवरावं लागतं. वेग धाडकन पडतो.

या दोन उधाऱ्या वेगळ्या ओळखायच्या तर रॅमला मधून काढा:

```
dd if=file.iso of=/media/pen/file.iso bs=4M oflag=direct status=progress
```

`file.iso` च्या जागी तुमची फाइल आणि `/media/pen` च्या जागी तुमचा पत्ता घाला. आता दिसतो तो वेग पेनड्राइव्हचाच. माझ्याकडच्या एका ड्राइव्हने अशा कॉपीत पहिले तीन जीबी ९० ने घेतले आणि मग १८ वर बसला. अर्धा तास तसाच जोडून ठेवला आणि पुन्हा कॉपी केली, तर परत ९०. ही पोटातल्या कॅशची खूण. भावाचा ड्राइव्ह मात्र पहिल्या सेकंदापासून १२. त्याला असलं पोटच नव्हतं.

"पण खोक्यावर यूएसबी ३.२ लिहिलंय!" हे पुढचं वाक्य ठरलेलं. लिहिलंय खरं, पण तो रस्त्याचा आकडा आहे, गाडीचा नाही. शिवाय ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच ५ गिगाबिटच्या वेगाची तीन बारशी आहेत. त्या रस्त्यावरून सेकंदाला ४०० एमबी जाऊ शकतात. १२ ने चालणाऱ्या फ्लॅशला त्याचा काय उपयोग? आणि खोक्यावरचा "१५० एमबीपर्यंत" हा आकडा बहुतेक वेळा वाचनाचा असतो. लिहिण्याचा आकडा बऱ्याचदा छापतच नाहीत, आणि माझ्या मते तो न छापणं ही चलाखी आहे.

रस्ता अडतो तेव्हा चित्र वेगळं दिसतं. यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर ६० एमबी, प्रत्यक्षात ३०-४०. वेग तिथे एका रेषेत स्थिर राहिला, ना चढ ना उतार, तर पोर्टवर संशय घ्या. फ्लॅश दमली की आकडा पडतो, मधेच शून्यावर अडकतो, पुन्हा उठतो. `lsusb -t` मध्ये ड्राइव्हसमोर 480M दिसलं तर तो २.० वर जोडला गेलाय, 5000M असेल तर ३ वर. गंमत म्हणजे ३ चा ड्राइव्ह ३ च्याच पोर्टमध्ये फार हळू सारला तरी कधीकधी २.० वर बसतो, कारण जुने चार संपर्क आधी टेकतात आणि नवे पाच नंतर. काढून एका झटक्यात परत लावा.

हजारो बारक्या फायली असतील तर याहून हाल. प्रत्येक फाइलमागे ड्राइव्हवरची नोंदवहीही बदलावी लागते, आणि फ्लॅशमध्ये जागच्या जागी खोडून लिहिता येत नाही, पुसायचं तर मोठा ठोकळाच पुसावा लागतो. त्यांची आधी झिप करून एकच फाइल पाठवा.

भावाने सगळं करून पाहिलं. `lsusb` मध्ये 5000M, `dd` मध्ये १२. ड्राइव्ह बाद नाही, जसा बनवलाय तसाच आहे. आता तो कॉपी लावून चहा टाकायला जातो, आणि परत आल्यावर आधी `sync` देतो.