शहर बदनाम करावं, पण भागाकार करू नये

रविवारी सकाळी सात वाजता आत्याचा फोन आला. "अरे, तिकडे राहता कसे तुम्ही? पेपरात आलंय, चोऱ्यांमध्ये तुमचं शहर आमच्या दहापट पुढे!" आत्या शेजारच्या तालुक्याच्या गावी राहते. गेल्या दिवाळीत तिच्याच गल्लीतून दोन मोटारसायकली गेल्या. पण त्या काही पहिल्या पानावर आल्या नाहीत, त्यामुळे तिचं गाव शांत आणि आमचं शहर चोरांचं माहेरघर.

पेपर उघडला. वर्षभरात आमच्याकडे चोऱ्या १,५००, आत्याच्या गावी १४०. (गावांची नावं गाळतो, आकडे गोल करतो. बदनामीचं काम पेपरने केलंच आहे.) शेजारी रंगीत चित्र: आमचा लाल खांब पार मथळ्याला टेकलेला, आत्याचा हिरवा खांब उंबऱ्याएवढा. लोकसंख्या? ती कुठेच नाही. तेव्हा अशी बातमी तुम्हालाही लिहावीशी वाटत असेल, तर अनुभवाने सुचलेले काही सल्ले देतो.

पहिला सल्ला असा की लोकसंख्येचं नावच काढू नका. आमच्याकडे बारा लाख माणसं राहतात आणि आत्याच्या गावी ऐंशी हजार, हे वाचकाला कळलं की संपलं. बारा लाख माणसांत चोऱ्या जास्त होणारच, तसे वाढदिवसही जास्त होतात. पण 'वाढदिवसांत अमुक शहर अव्वल' अशी बातमी अजून कोणाला सुचलेली नाही. सुचवून ठेवतो.

महिलांवरील गुन्ह्यांचा दर काढायचा असेल तर पुरुषांसकट सगळ्या लोकसंख्येने भागा. दर बसल्या जागी निम्मा होतो.

आता मोठा सल्ला. समजा, माझ्यासारख्या कुणी रिकामटेकड्याने फोन करून "लाखामागे दर काढा हो" म्हणून डोकं खाल्लंच, तर काढा. मी केला होता फोन. "आकडे पोलिसांनी दिलेत, आम्ही काय घरून आणले?" असं आधी ऐकून घेतलं. पण दोन दिवसांनी खरंच दर छापून आला. १,५०० ला १२ लाखांनी भागलं, लाखामागे १२५. १४० ला ऐंशी हजारांनी, म्हणजे ०.८ लाखांनी भागलं, लाखामागे १७५. नवा मथळा: 'लहान गाव चोऱ्यांत पुढे'. आत्या आता माझ्याशी बोलत नाही.

हिशेब बरोबर आहे, उत्तर चूक आहे. ही कला शिकण्यासारखी आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. १४० हा आकडा आला कुठून? आत्याच्या गावच्या पोलीस ठाण्यातून. आणि ऐंशी हजार कुठून आले? नगरपालिकेच्या हद्दीतून. त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत गावाबाहेरची चाळीसेक खेडी येतात. शेतातली मोटार गेली, केबल कापून नेली, गोठ्यातली म्हैस सोडून नेली, सगळ्याची फिर्याद त्याच ठाण्यात आणि सगळी त्याच १४० मध्ये. खेड्यांतली माणसं धरली तर ठाण्याच्या हद्दीत दोन लाख लोक राहतात. १४० भागिले २, लाखामागे ७०. म्हणजे वर चोऱ्या दोन लाख माणसांच्या आणि खाली माणसं फक्त ऐंशी हजार! चाळीस गावची म्हैस गेली की वाटेकरी ठरणार नगरपालिकेचे मतदार. आमच्या शहराचं नशीब बरं, महापालिकेची आणि पोलीस आयुक्तालयाची हद्द जवळजवळ एकच, त्यामुळे १२५ बऱ्यापैकी टिकतो. १२५ आणि ७०. हो, आमचंच शहर पुढे आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण पावणेदोन पट. दहापट नाही. आणि मागेही नाही!

हद्द ही काही देवाने आखलेली रेघ नव्हे, तीही सरकते. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं. पुणे शहराची काही ठाणी तिकडे गेली, पुणे ग्रामीणचीही गेली. आता कुणी पुणे शहराचे २०१७ आणि २०१९ चे आकडे शेजारी शेजारी मांडून 'गुन्हे घटले' म्हणून पेढे वाटले, तर चोर सुधारले असं समजायचं का? ठाणी गेली हो, चोर तिथेच आहेत. लोहमार्ग पोलिसांचं तेच. गाडीत पाकीट मारलं तर गुन्हा त्यांच्या दप्तरी, शहराच्या नाही. तुम्ही हे कोणाला विचारलं होतं? कोणालाच नाही. ठाण्याच्या हद्दीची लोकसंख्या आयती छापलेली मिळत नाही, गावांची यादी घेऊन जनगणनेतून बेरीज करावी लागते, म्हणून ती करायचीच नाही?

बरं. सल्ले चालू ठेवतो.

आषाढीतल्या पंढरपूरच्या खिसेकापूंना पंढरपूरच्या रहिवाशांनीच भागा. वारकरी मोजू नका, ते चार दिवसांचे पाहुणे.

लोकसंख्या २०११ चीच वापरा. त्यानंतरची जनगणना लांबली, त्यामुळे सबबही पक्की आहे. देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे छापणारी केंद्राची एनसीआरबीसुद्धा २०२२ च्या अहवालात महानगरांचे दर २०११ च्या शिरगणतीवर काढते आणि राज्यांचे मात्र त्या वर्षीच्या अंदाजित लोकसंख्येवर. तेव्हा महानगराचा दर राज्याच्या दराशेजारी बेलाशक मांडा. जे शहर मधल्या काळात फुगलं त्याचा दरही फुगलेला दिसेल. आमचे ते बारा लाखही २०११ चेच, आज पंधरा लाख माणसं असतील तर १२५ चे १०० होतात, पण नवीन वस्त्यांतल्या लोकांनी फक्त चोऱ्या करून घ्याव्यात, भागाकारात येऊ नये.

खुनांसाठी लहान गावच निवडा. ऐंशी हजारांच्या गावात गेल्या वर्षी एक खून, यंदा तीन. दर १.२५ वरून ३.७५, 'खुनांत तिप्पट वाढ'. पुढच्या वर्षी एकही झाला नाही की 'शंभर टक्के घट' आहेच. पाच वर्षांचे खून एकत्र करून पाच वर्षांच्या माणसांनी भागलं, तर सात खून भागिले चार लाख, म्हणजे वर्षाला लाखामागे १.७५ असं काहीतरी मिळमिळीत निघतं. त्याचा मथळा कसा करणार?

आणि जिथे फिर्याद नोंदवूनच घेत नाहीत त्या गावाला 'सर्वात सुरक्षित' म्हणा. दर नोंदवलेल्या गुन्ह्यांचा असतो, झालेल्या नव्हे. आत्याच्या गल्लीतल्या दोनपैकी एका मोटारसायकलची नोंदच नाही. "आधी शोधा, मग या," म्हणाले.

पुरे झाला उपरोध. अहो, चौथीतला भागाकार आहे हा! एक्सेलमध्ये B2 ला गुन्हे, C2 ला लोकसंख्या लिहून `=B2*100000/C2` एवढं टाइप करायला किती वेळ लागतो? तुमच्या त्या लाल खांबावर लोक घरं घ्यायची की नाही ते ठरवतात, मुलीला कुठल्या शहरात शिकायला पाठवायचं ते ठरवतात. गुन्हे किती, कोणत्या हद्दीतले, लोकसंख्या कोणत्या हद्दीची आणि कोणत्या सालची, एवढं बातमीत छापा. जिथे दोन्ही हद्दी जुळत नाहीत तिथे दर काढू नका आणि का काढला नाही ते सरळ लिहा. जागा नाही म्हणता? ते रंगीत खांब काढा, भरपूर जागा होईल. आणि चुकलं तर सातव्या पानावर नखाएवढा खुलासा नको. बदनामी पहिल्या पानावर केलीत, खुलासाही तिथेच द्या.