फ्यूज जागेवर ठेवून गळती शोधणे: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून दोन रविवार वाया घालवले. मल्टिमीटर जोडला, एकेक फ्यूज काढला, पण आकडा कधी तीन अँपिअर, कधी दीड, कधी पुन्हा तीन. त्यात मीटरचा फ्यूजही उडाला. मेकॅनिक म्हणतो बॅटरीच गेली आहे. गाडी रात्रीत बसते ती बसतेच. न करून पाहिलेल्या गोष्टी लिहू नयेत. – वडोदरा"

सप्रेम नमस्कार. बंद गाडीत बॅटरीतून होणारी विजेची गळती कशी शोधावी, या माझ्या लेखातली पहिली चूक माझी आहे आणि ती तशीच मान्य करतो. 'सुरुवात मिलिअँपिअरच्या रेंजवर करावी' असे मी लिहिले होते, ते चुकीचे होते. त्या छिद्रामागे बहुतेक स्वस्त मीटरांत 200 मिलिअँपिअरचा फ्यूज असतो, आणि नुकतीच कुलूप लावलेली गाडी त्याच्या कितीतरी पट करंट ओढत असते. लाल तार प्रथम दहा अँपिअरच्या छिद्रात घालावी, आणि आकडा खाली येऊन स्थिरावेपर्यंत ती तिथेच राहू द्यावी.

दुसरी चूक मात्र अर्धी माझी आणि अर्धी फ्यूज उपसण्याच्या पद्धतीची आहे. आपल्याला दिसलेले तीन आणि दीड अँपिअर ही गळती नव्हेच. ती जागी असलेली गाडी आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून मध्ये मीटर घातला की तेवढ्या क्षणासाठी वीज तुटते आणि पुन्हा आल्यावर गाडीतील सगळे नियंत्रक जागे होतात. फ्यूजपेटी उघडण्यासाठी आपण दार उघडता, तेव्हा आतला दिवाही लागतो. पुन्हा, काढलेला फ्यूज जागेवर बसवला की त्या फ्यूजवरचा नियंत्रक नव्याने जागा होतो आणि अनेकदा शेजारच्यांनाही उठवतो. म्हणजे मोजण्याच्या कृतीनेच मोजायची गोष्ट बदलत राहते. जुन्या, साध्या गाड्यांत ही अडचण फारशी येत नसे, आणि मी ही पद्धत शिकलो ती तशाच गाडीवर. त्यामुळे लेखात या अडचणीचा उल्लेख राहून गेला.

गेल्या उन्हाळ्यात दांडिया बाजारातील आमच्या शेजारच्या काकांची छोटी पेट्रोल गाडी अशीच रोज सकाळी बसत होती. बॅटरी 35 अँपिअर-तासांची, साडेतीन वर्षे जुनी. तिच्यावर जे केले तेच सविस्तर सांगतो, कारण आपली तक्रार जवळजवळ शब्दशः त्यांचीच होती.

निगेटिव्ह तार सोडवण्यापूर्वी आम्ही दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक जाड तार घेतली. तिचा एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरा निगेटिव्ह तारेच्या पट्टीला लावला, आणि मगच पट्टी खांबावरून उचलली, त्यामुळे वीज एक क्षणही तुटली नाही. त्याच दोन ठिकाणी मीटर समांतर जोडला. चालकाचे दार उघडेच ठेवले, पण त्याच्या कडेच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केली, म्हणजे गाडीला दार लागले असेच वाटते. (काम संपल्यावर ती जीभ सोडवल्याशिवाय दार ओढू नये, नाहीतर कुलूप वाकते.) गाडी रिमोटने लॉक केली, किल्ली घरात नेऊन ठेवली आणि चाळीस मिनिटे गाडीला हात लावला नाही. त्यानंतर जोडतार काढली, तेव्हा सगळा करंट मीटरमधून वाहू लागला. आकडा होता 0.39 अँपिअर. झोपलेल्या गाडीत तो साधारण 0.02 ते 0.05 असायला हवा. आपण हे कराल तेव्हा मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नये. तो करंट कोणत्याही हातातल्या मीटरच्या क्षमतेपलीकडचा असतो.

आता फ्यूज न काढता दोषी कोण ते शोधायचे. फ्यूज म्हणजे एक अगदी लहान रोध, आणि त्यातून करंट वाहत असेल तर त्याच्या दोन टोकांत थोडा व्होल्टेज पडतोच. पाती असलेल्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात ते याचसाठी. दुसरा मीटर 200 मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून त्याच्या टोकांनी हे ठिपके स्पर्शत गेलो. सर्व ठिकाणी शून्य किंवा 0.1 येत होते, आणि 15 अँपिअरच्या एका फ्यूजवर 1.7 मिलिव्होल्ट आले. अशा फ्यूजचा रोध साधारण 4.6 मिलिओहम असतो, म्हणजे 1.7 भागिले 4.6, साधारण 0.37 अँपिअर. एकूण 0.39 मधील जवळजवळ सगळी गळती एकाच ठिकाणी सापडली. 10 अँपिअरच्या फ्यूजसाठी साधारण 7.5 मिलिओहम धरावा. 30 अँपिअरच्या मोठ्या फ्यूजवर ही पद्धत अंधुक होते, कारण तिथे 0.1 मिलिव्होल्टही पन्नासेक मिलिअँपिअरचा अर्थ घेऊन येतो. एकदा संशयित ठरला की मात्र तो एकच फ्यूज काढून खात्री करावी.

फ्यूज स्टिरिओचा होता. बाहेरून बसवलेल्या मोठ्या स्क्रीनच्या स्टिरिओला पिवळी तार कायम विजेची आणि लाल तार किल्लीबरोबर चालू होणारी लागते. बसवणाऱ्याने दोन्ही पीळ देऊन पिवळीलाच जोडल्या होत्या. स्क्रीन काळी दिसे, पण आतील सर्किट रात्रभर जागे राही. लाल तार वेगळी करून किल्ली फिरवल्यावरच 12 व्होल्ट येणाऱ्या तारेला जोडली, आणि पुन्हा चाळीस मिनिटांनी मीटरने 0.02 दाखवले.

आता आपल्या मेकॅनिकबद्दल. 0.39 अँपिअर दहा तास वाहिला तर सुमारे चार अँपिअर-तास जातात. 35 च्या धडधाकट, पूर्ण भरलेल्या बॅटरीला ते काहीच नाही, ती सकाळी सहज गाडी उठवेल. काकांची गाडी बसत होती कारण ते रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर जात, आणि रात्री गेलेले तेवढ्या फेरीत भरून निघत नसे. उणे दररोज साचत होते. 'रात्रीत बसते' हे शेवटच्या रात्रीचे वर्णन होते. आठवडे अर्धी रिकामी राहिल्याने बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट धरले होते. वेगळी करून पूर्ण चार्ज केल्यावर काही तासांनी ती 12.6 व्होल्टच्या जवळ यायला हवी होती, ती 12.3 वरच थांबली. म्हणून मेकॅनिकचे म्हणणे चूक नाही, पण गळती बंद न करता नवी बॅटरी घातली असती तर तिचीही हीच गत झाली असती.

आपल्या गाडीत सगळ्या फ्यूजवर शून्य आले आणि एकूण आकडा तरी मोठाच राहिला, तर आल्टरनेटर तपासावा. त्याची जाड तार सहसा आतल्या फ्यूजपेटीतून जात नाही, आणि आतील डायोड बिघडला की करंट उलटा झिरपतो. बॅटरी पूर्ण सोडवून ती तार आल्टरनेटरवरून काढावी, टोकाला टेप गुंडाळावी आणि पुन्हा मोजावे. लेखातील मिलिअँपिअरचे वाक्य आज दुरुस्त केले आहे. आपला आकडा चाळीस मिनिटांनंतर किती येतो ते कळवावे, तो 0.05 च्या खाली असेल, तर फ्यूजपेटी बंद करून आधी बॅटरीच तपासून घ्यावी.