शंभर टक्के पैसे परत, फक्त सील फोडू नका

कपाशीचं टॉनिक विकायला निघालात आणि यवतमाळकडचा शेतकरी फोनवर ‘पाहू ना भाऊ’ म्हणून टाळतो? मग मेसेजच्या पहिल्याच ओळीत टाका : ‘फरक नाही पडला तर पैसे परत.’ बाटलीत काय आहे, हे खाली बारीक अक्षरात चालेल. त्याला तुमच्या औषधापेक्षा सहाशे रुपये बुडायची धास्ती जास्त असते. ती तेवढी झोपवा.

मुदत द्या तीस दिवसांची. दिलदार वाटते. जुलैच्या शेवटी बाटली विकली की मुदत पोळ्याच्या आसपास संपते. तेव्हा झाडाला पाती-फुलं असतात, फार तर कोवळी बोंडं. पहिली वेचणी दसरा-दिवाळीकडे. म्हणजे फरक दिसायच्या कितीतरी आधी तुमची गॅरंटी सुखरूप घरी पोचलेली असते.

अटीही मोजक्याच असाव्यात. बाटलीचं सील शाबूत हवं (न फवारता फरक कसा कळणार, हे विचारणारा गावात एखादाच निघतो). अर्ज तालुक्याच्या ऑफिसात, स्वतः येऊन. जायचं-यायचं भाडं शंभर आणि बुडालेली मजुरी चारशे धरा. सहाशेतले शंभर उरतात, आणि पहिल्या खेपेला ‘साहेब फिल्डवर गेले’ म्हटलं की तेही उरत नाहीत. तरी कुणी चिवट निघालाच, तर रोख न देता पुढच्या हंगामात तेवढ्याच किमतीची बाटली द्या.

‘फरक’ म्हणजे काय, ते मात्र कुठेही लिहू नका. किती बोंडं वाढली पाहिजेत, मोजायची कुणी, कशाशी ताडून, यातलं एकही कागदावर येता कामा नये. पाऊस बरा झाला तर श्रेय बाटलीचं. बोंडअळी आली तर ‘हवामान प्रतिकूल’.

खरा धोका वेगळाच आहे. एखादी काकू बांधावर उभ्या राहून म्हणतील, ‘भाऊ, मधातल्या चार ओळी बिनफवारनीच्या सोडतो. वेचनीले दोन्हीकडचा कापूस अलग अलग तोलू. तुमच्याकडचा जास्त भरला त पैसे तवाच घेऊन जा. बाटली आज ठेवून द्या.’

घाबरू नका, पण तिथे थांबूही नका. बाईंनी तुमचीच गॅरंटी घेतली, मुदत वेचणीपर्यंत नेली, मोजमाप ठरवलं आणि जोखीम उचलून तुमच्या डोक्यावर ठेवली. औषधावर भरवसा असलेला माणूस एखाद-दुसरी बाटली अशी ठेवूनही जाईल. तुम्ही ‘कंपनीची पॉलिसी नाही’ म्हणा, गाडीला किक मारा आणि काकूंचा नंबर यादीतून काढून टाका. शेजारच्या शेतातही नको. तिथवर त्यांचा आवाज जातो.