वापसा येऊ द्या, मग ब्रश घ्या: कॉम्प्रेसरवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

*"भाऊ, लेख वाचला. पाण्यात पडलेल्या फोनसाठी चोवीस तास थांबा, मग ब्रश मारा, हा सगळा वेळकाढूपणा आहे. वावरात चिखलात फोन पडला तेव्हा मी टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने दोन मिनिटांत हवा मारून घेतली. आवाज लगेच मोकळा झाला, थोडा चिरका येतो एवढंच. तांदूळ आणि ॲपबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही. धूळ आणि पाणी एकाच पोत्यात भरलं. दुकानदार आहात, गिऱ्हाईक टिकावं म्हणून लोकांना घाबरवता."*

दादा, तुमची प्रतिक्रिया मी रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर वाचली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. पद्धत पटली नाही एवढंच लिहिलं असतं तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण शेवटचं वाक्य तुम्ही लिहायला नको होतं. अकरा वर्षं झाली, मी याच गावात दुरुस्तीचं टेबल लावून बसतो. माझ्याकडे येणारा माणूस सोयाबीन विकून आलेला असतो नाहीतर मजुरीचे पैसे मोजून आलेला असतो, आणि त्याच्या खिशात किती आहेत हे मला न विचारता कळतं. घरच्या घरी, रुपया न लागता काय करता येईल तेच मी लेखात लिहिलं. त्यातलं एकही पाऊल माझ्या दुकानाकडे येत नाही. माझ्याकडे रिंगर, म्हणजे फोनचा खालचा स्पीकर, बदलायला येतात ते बहुतेक हवा मारून घेतलेले फोन. मला धंदाच करायचा असता तर मी तुमचीच पद्धत छापली असती.

धूळ आणि पाणी वेगवेगळं सांगायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ती चूक माझी. लेखात दुरुस्ती करतो.

आता "थोडा चिरका येतो एवढंच" या शब्दांकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच खटकले. तुम्ही ते सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने तुमच्या फोनचं सगळं दुखणं त्याच चार शब्दांत आहे.

फोनच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. त्यांच्या मागे आणखी एक झिरझिरीत जाळी असते, तिच्यामागे थोडी रिकामी जागा, आणि मग रिंगरचा पडदा. हा पडदा म्हणजे कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा पातळ. मागे तारेची गुंडाळी आणि चुंबक. पडदा केसभर पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो, तोच आपल्याला आवाज म्हणून ऐकू येतो. पाणी शिरलं की जाळीच्या भोकांवर पाण्याचा पापुद्रा धरतो. धुतलेली चाळणी उजेडासमोर धरून पाहा, काही भोकांत पाणी तसंच अडकून राहिलेलं दिसेल. तेच इथे होतं. पडदा चांगला असतो, फक्त हवेला बाहेर यायला वाट नसते, म्हणून आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबका येतो. तो दबका असला तरी स्वच्छ असतो. चिरत नाही, फडफडत नाही.

कॉम्प्रेसरच्या हवेने तो पापुद्रा क्षणात फुटतो. म्हणून आवाज मोकळा झाला, हे तुमचं खोटं नाही. पण ती हवा जाते कुठे? ट्रकच्या टायरमध्ये भरायची हवा आहे ती, काटा शंभर पौंडाच्या आसपास असतो. तेवढा जोर जाळीतून आत घुसतो आणि थेट पडद्यावर बसतो. पडदा कडेने चिकटवलेला असतो, तिथून तो सुटतो किंवा मधे चेपला जातो. तुमचा फोन तर चिखलात पडला होता, म्हणजे जाळीवर नुसतं पाणी नव्हतं, काळ्या मातीचा गाळ होता. जो गाळ बाहेरच्या जाळीवर बसून होता तो तुम्ही पडद्यापर्यंत नेऊन पोचवला. तिथे तो वाळला, आणि आता पडदा हलला की तोही थरथरतो. चिरका आवाज त्याचाच. जाळीवरची माती मी काढू शकतो. पडद्यावरची काढता येत नाही, तिथे रिंगरच बदलावा लागतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. दुरुस्ती शिकायच्या आधी माझा स्वतःचा फोन पोळ्याच्या दिवशी बैल धुताना नाल्यात पडला. ओळखीच्या एका टायरवाल्याने आपुलकीने हवा मारून दिली. त्याचा दोष नाही, मीच सांगितलं होतं. रिंग दोन दिवस चांगली वाजली, नंतर फाटक्या पत्र्यासारखी भर्रभर्र करायला लागली. पुढे काम शिकल्यावर मी तो रिंगर उघडून पाहिला. पडदा एका कोपऱ्यातून सुटून वर आला होता आणि त्याच्याखाली मातीची राखाडी पूड बसली होती. तो रिंगर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी तो आधी दाखवतो. मला वेळकाढू म्हणायचं असेल तर आधी येऊन तो पाहून जा.

तुम्ही शेतकरी आहात असं लिहिण्यावरून वाटतं, म्हणून शेतातलंच विचारतो. पाऊस उघडल्याबरोबर तुम्ही वावरात डवरं घालता का? नाही घालत. वापसा येऊ देता. ओल्या काळ्या मातीत अवजार घातलं की माती फासाला चिकटते, लोण्यासारखी लिंपली जाते आणि मागे दगडासारखी ढेकळं होतात. तीच माती वाळली की आकसते, भेगाळते, हाताने चुरडते. फोनच्या जाळीत अडकलेली माती हीच आहे. ओली असताना हवा मारा, ब्रश मारा की टाचणी घाला, ती भोकात आणखी ठासली जाते. पूर्ण वाळू दिली की आकसून कडेने सुटते आणि हलक्या ब्रशनेही गळून पडते. चोवीस तास मी त्यासाठी सांगितले होते.

गेल्या आषाढातली एक गोष्ट सांगतो. पऱ्हाटीला खत देताना आमच्या शेजारच्या काकांचा फोन सरीतल्या पाण्यात पडला. संध्याकाळी साडेपाचला आणून दिला. "आवाज लय दबून राह्यला जी, पोराचा फोन आला तं काहीच समजत नाही." मी आधी फोन बंद केला, कव्हर काढलं, सिमचा ट्रे बाहेर काढला. वरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला, भोकांना हात लावला नाही. मग भोकं खाली करून फोन तळहातावर हलके दहा-बारा वेळा आपटला. खाली ठेवलेल्या कागदावर मातकट पाण्याचे थेंब पडले. त्यानंतर भोकं खालीच राहतील असा फोन भिंतीला टेकवून उभा केला आणि हातभर अंतरावर टेबलफॅन लावला. चार्जिंगला लावला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू केला. आवाज आदल्या दिवसापेक्षा बरा, पण अजून दबकाच. पाणी गेलं होतं, माती उरली होती. भिंगातून पाहिलं तर अर्ध्याहून जास्त भोकं राखाडी मातीने बुजलेली, आणि प्रत्येक बुजलेल्या भोकाच्या कडेला बारीक भेग. वापसा आला होता. मग फोन बंद करून, भोकं जमिनीकडे करून, लहान मुलांचा मऊ कोरडा टूथब्रश खालून आडवा फिरवला. जोर अजिबात नाही, ब्रशचे केस भोकात घुसवायचे नाहीत. माती पिठासारखी खाली पडली. जी उरली तिच्यावर रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी हलके दाबून उचलली, दर वेळी नवा तुकडा, असं पाच-सहा वेळा. एवढं झाल्यावर काकांची नेहमीची रिंगटोन लावली. ती ओट्यावर बसलेल्या काकूंनी ऐकली आणि त्या आत आल्या. काकांकडून मी पैसे घेतले नाहीत. तुम्ही गिऱ्हाइकाचं लिहिलं म्हणून सांगतोय, नाहीतर सांगितलं नसतं.

तांदळाबद्दल फार लिहीत नाही. पोत्यातला तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढून घेत नाही, त्याची पूड मात्र ओल्या जाळीला चिकटते. ॲपलनेही आपल्या मदतीच्या पानावर तांदळाची पिशवी, बाहेरून उष्णता आणि दाबाची हवा, तिन्ही नको असं लिहून ठेवलं आहे. ती कंपनी माझं दुकान चालवत नाही. पाणी बाहेर काढणारी ॲप १६५ हर्ट्झच्या आसपासचा जाड सूर वाजवतात. साधं स्वच्छ पाणी असेल, फोन पाणीरोधक असेल आणि भोकं खाली असतील तर त्याने थेंब बाहेर येतात, मी स्वतः करतो. आवाज अर्धाच ठेवायचा, पंधरा-वीस सेकंद. गाळापुढे त्याचं काही चालत नाही.

धुळीचं वेगळं सांगायचं राहिलं होतं. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या फोनवर रुईचा नमद्यासारखा थर बसतो, मळणीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा बसतो. तिथे थांबायची गरज नाही, कोरडा ब्रश आणि तीच चिकटपट्टी पुरते. कानाला लावायच्या वरच्या स्पीकरचा आवाज दबला असेल तर आधी स्क्रीनगार्ड भोकावर सरकलंय का ते पाहा, नंतर कानातला मळ. आणि चार्जिंगच्या तोंडाजवळचं एकटं बारीक भोक माइकचं असतं. टाचणी घालाल तर समोरच्याला तुमचा आवाज जाणं बंद होईल.

आता तुमचा फोन. राग बाजूला ठेवून सांगतो, आज रात्री घर शांत झाल्यावर एवढं करा. एखादं ओळखीचं गाणं आधी अगदी कमी आवाजात लावा, मग पूर्ण. नंतर तेच गाणं इअरफोनवर ऐका. इअरफोनवर स्वच्छ आणि रिंगरवर फक्त मोठ्या आवाजात चिरत असेल तर पडदा अजून धरून आहे. भोकं खाली करून ब्रश मारा आणि आवाज पाऊण भागावर ठेवून वापरा. कमी आवाजातही चिरत असेल तर पडदा गेला आहे. मग ब्रशने काही होणार नाही, परत हवा मारून तर नाहीच. साध्या फोनचा रिंगर माझ्याकडे दोनशेच्या आत बसतो. माझ्याकडे यायचं नसेल तर तुमच्या तालुक्यात कुणाकडूनही बसवून घ्या, फक्त समोर बसून बसवून घ्या आणि जुना रिंगर परत मागा. पडद्याच्या कडा बोटावर धरून पाहा. माती दिसली तर इथेच खाली लिहा.