‘करतो-मरतो’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

रॅपमधल्या यमकांवरच्या माझ्या लेखात मी ‘करतो-मरतो’ला फुकटचं यमक म्हटलं होतं. त्यावरची प्रतिक्रिया: “‘करतो-मरतो’ला तुम्ही फुकटचं यमक म्हणता. मराठीत क्रियापद शेवटीच येणार, त्याला कवी काय करणार? मल्टीसाठी, म्हणजे एकाहून जास्त अक्षरं जुळवणाऱ्या यमकासाठी, भाषा वाकवावी लागते. शिवाय तुमच्या ओळींत अक्षरांचा मेळ नाही. पंचलाईनवर तर चकार शब्द नाही. आधी दोन ओळी धड लिहून दाखवा, मग शिकवा.”

‘धड’ आणि ‘शिकवा’ या दोन शब्दांशिवाय हेच म्हणता आलं असतं. असो. ‘फुकटचं’ जरा जहाल झालं, ‘सोपं’ म्हणायला हवं होतं. तेवढं मान्य.

पण भाषा वाकवावी लागते? अहो, क्रियापद खुशाल शेवटी ठेवा, यमक त्याच्या एक शब्द अलीकडून सुरू करा. घ्या दोन ओळी:

लिहितो तेव्हा मी रात जागतो
पडलो तरी ना साथ मागतो

आता क्रियापदावर बोट ठेवा. रात, साथ उरतात आणि तरीही जुळतात. त आणि थ वेगळे आहेत, पण कानाला ‘आ’ पुरतो. ‘काम करतो, रोज मरतो’ यावर बोट ठेवून बघा काय उरतं. यात भाषा कुठे वाकली ते मला दाखवाच.

आणि अक्षरांचा मेळ! वरच्या दोन्ही ओळी कागदावर अकरा-अकरा अक्षरांच्या आहेत, तुमचं समाधान व्हावं. तोंडाने म्हणा मात्र. आपण ‘जा-ग-तो’ म्हणत नाही, ‘जाग्-तो’ म्हणतो. पहिल्या ओळीत नऊ ठोके पडतात, दुसरीत आठच (‘पड्-लो’ने एक खाल्ला). चार बीटच्या एका बारमध्ये सोळा घरं धरली, तर ‘रात’ चौथ्या बीटवर, म्हणजे तेराव्या घरात बसवायचा आणि ‘साथ’ही तिथेच. दुसऱ्या ओळीत एक ठोका कमी असल्यामुळे ‘ना’नंतर एक घर श्वास सोडायचा. तो सोडला नाही तर ‘साथ’ बाराव्या घरात पडतो, आणि कागदावर चोख दिसणारं यमक कानाला लागतच नाही.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. अकरा वर्षं लिहितोय. पहिला ट्रॅक अक्षरं मोजून लिहिला होता, वहीत समास आखून, तुमच्यासारखाच. रेकॉर्डिंगला प्रत्येक दुसरी ओळ बीटच्या आधीच संपत होती. ध्वनिमुद्रकाने हेडफोन काढून विचारलं, “घाई आहे का कुठे जायची?” त्या दिवसापासून वही बाजूला ठेवून मांडीवर टाळी देत मोजतो.

पंचलाईनचं म्हणाल, तर लेखाचं शीर्षक परत वाचा. तो विषयच नव्हता.

तुमच्या दोन धड ओळी इथेच टाका. टाईप करून नको, रेकॉर्ड करून.