डिपॉझिट मशीनमध्ये अडकलेली रोकड: 'पाच दिवस थांबा' हा सल्ला का चुकीचा आहे

"कॅश डिपॉझिट मशीनमध्ये पैसे अडकले तर घाबरू नका, काही करायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ५ दिवसांत आपोआप जमा होतात, उशीर झाला तर रोजचे १०० रुपये बँकच देते. घाई असेल तर शाखेत जा, मशीन उघडून तिथल्या तिथे पैसे देतात. फक्त पावती जपा. पावती नसेल तर पैसे विसरा. सगळ्यांना पाठवा."

हा मोबाइलवर फिरणारा संदेश आहे. त्यातला पाच दिवसांचा नियम अस्तित्वात आहे, पण तो दुसऱ्या प्रसंगासाठी आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढून फसलेल्या व्यवहारांच्या मुदती ठरवून दिल्या. त्यात एटीएमची नोंद आहे ती पैसे काढण्याची: खात्यातून रक्कम वजा झाली, पण नोटा बाहेर आल्या नाहीत. तिथे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम परत यावी लागते आणि त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये मिळतात. यूपीआय, आयएमपीएस, कार्ड, वॉलेट यांच्या मुदतीही त्याच तक्त्यात आहेत. मशीनमध्ये भरलेली रोकड जमा न होणे ही नोंद मात्र त्यात नाही. अशा वेळी भरपाई मागायची तर आपल्या बँकेचे भरपाई धोरण वाचावे लागते. ते बँकेच्या संकेतस्थळावर असते. मागणी जरूर करा, पण शंभर रुपये आपोआप येतील असे धरून बसू नका.

हा फरक निव्वळ कागदी नाही. पैसे काढताना बँकेच्या संगणकात तुमची रक्कम वजा झालेली असते, म्हणजे फसलेल्या व्यवहाराची खूण आधीच उमटलेली असते. भरणा फसतो तेव्हा तुमच्या खात्यात काहीच घडलेले नसते. नोटा पेटीत असतात आणि खात्याला त्यांचा पत्ता नसतो.

मशीनच्या आत काय होते ते पाहिले की पुढचे सगळे समजते. नोटा आत ओढल्या जातात, एकेक तपासली जाते. न पटलेल्या नोटा मशीन परत देते आणि बाकीच्या तात्पुरत्या कप्प्यात थांबवते. मग पडद्यावर मूल्यवार मोजणी दिसते. तुम्ही 'पुष्टी करा' दाबल्यावर नोटा मुख्य पेट्यांत जातात आणि खात्यात जमा करण्याचा संदेश बँकेच्या सर्व्हरकडे जातो. मोजणीतच नोट अडकली, वीज गेली किंवा पुष्टीनंतर जोडणी तुटली, तर नोटा आत राहतात आणि रक्कम खात्यात जमा होत नाही. रोजच्या ताळमेळात बँकेला हा फरक स्वतःहून सापडून रक्कम जमा झाल्याचीही उदाहरणे असतात. पण तक्रार नसेल तर ती जास्तीची रोकड नेमकी कोणाची, हे शोधण्याची घाई कोणाला नसते.

म्हणूनच शाखेत जाऊन काउंटरवरच्या माणसाला "उघडा हो" म्हणण्याचा उपयोग होत नाही. मशीनची तिजोरी सहसा दोन जबाबदार व्यक्तींच्या हातून उघडते, आणि शाखेबाहेरच्या अनेक मशीनची रोकड बाहेरची एजन्सी सांभाळते. शिवाय हल्लीची बरीच मशीन भरलेल्याच नोटा पुढच्या माणसाला देतात, त्यामुळे आतली रोकड नुसती मोजून काही कळत नाही. सुरुवातीची शिल्लक, त्यात झालेले सगळे भरणे, त्यातून गेलेली सगळी रक्कम, आणि नाकारलेल्या नोटांचा वेगळा कप्पा, एवढे जुळवल्यावर जास्तीची रोकड निघते. कर्मचाऱ्याने लगेच पैसे दिले नाहीत म्हणजे तो टाळतोय, असे नाही. त्याने लेखी तक्रार घेतली नाही, तर मात्र तो टाळतोय.

पावतीबद्दलचे वाक्य मला सर्वांत घातक वाटते, कारण ते वाचून माणसे दावाच सोडून देतात. वीज गेली किंवा मशीन बंद पडले तर पावती निघतच नाही. मशीन स्वतःची नोंदवही ठेवते. तिला बँकेत 'ईजे' म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक जर्नल. प्रत्येक टप्पा, मोजलेल्या नोटा आणि आलेली त्रुटी तिच्यात वेळेसह असते. तुमचा दावा तपासला जातो तो हिच्यावर, रोकड ताळमेळावर आणि सीसीटीव्हीवर. पावती निघाली असेल तर तिचा लगेच फोटो काढा, त्या कागदावरची छपाई उडते. नसेल तर तारीख, वेळ आणि मशीनचा क्रमांक या तीन गोष्टी तिची जागा घेऊ शकतात. क्रमांक बहुधा मशीनवरच्या पट्टीवर असतो.

एक उदाहरण घेऊ. किराणा दुकानदार रात्री ३८,५०० रुपये भरतो: पाचशेच्या ७३ आणि दोनशेच्या १० नोटा. मशीन पाचशेच्या २ नोटा परत देते. पडद्यावर पाचशेच्या ७१ आणि दोनशेच्या १०, एकूण ३७,५०० दिसतात. तो पुष्टी करतो आणि पडदा 'सेवा बंद' दाखवतो. आता त्याचा दावा ३७,५०० चा आहे. घाबरून त्याने घरून आणलेला आकडा, ३८,५०० लिहिला, तर ईजेमध्ये ३७,५०० दिसेल, जास्तीची रोकडही तेवढीच निघेल, आणि "रक्कम जुळत नाही" म्हणून अर्ज परत येऊ शकेल. परत आलेल्या नोटा आधी मोजा, मगच आकडा लिहा.

मशीन अर्धवट थांबले तर लगेच पाठ फिरवू नका. पुन्हा चालू होताना काही मशीन तात्पुरत्या कप्प्यातल्या नोटा बाहेर टाकतात, आणि तेव्हा समोर दुसरेच कोणी असू शकते. तिथे उभे असतानाच पडद्याचा फोटो घ्या आणि बँकेच्या अधिकृत क्रमांकावर तक्रार नोंदवा. तो क्रमांक कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या ॲपमध्ये बघा, गुगलवर शोधू नका. तिथे खोटे मदत क्रमांक पेरलेले असतात आणि ते ओटीपी मागतात.

दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या. भरणा दुसऱ्या बँकेच्या मशीनमध्ये केला असेल, तरी अर्ज ज्या बँकेत खाते आहे तिथेच द्या, कारण मशीनवाल्या बँकेकडे वाद उचलणे तिचे काम आहे. अर्जात तक्रार क्रमांक, मशीन क्रमांक, वेळ, मूल्यवार नोटा आणि पडद्यावर काय क्रमाने दिसले ते लिहा. त्यानंतर दोन स्पष्ट मागण्या करा: त्या मशीनचा त्या दिवसापासूनचा रोकड ताळमेळ तपासावा, आणि त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. चित्रण ठरावीक काळाने पुसले जाते, म्हणून ही मागणी पहिल्याच अर्जात हवी. शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

"जास्तीची रोकड आढळली नाही" असे उत्तर आले तर प्रकरण संपत नाही. ताळमेळ कोणत्या तारखांदरम्यान केला, नाकारलेल्या नोटांचा कप्पा त्यात धरला का, ईजेमध्ये त्या मिनिटाला काय आहे, हे लेखी विचारा. तुमच्या भरण्याच्या आधीच्या तारखेचा ताळमेळ जोडून अर्ज निकाली काढला असेल, तर तो इथे उघडा पडतो. बँकेने फेटाळले किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो, आणि तो म्हणजे शाखेतून घेतलेली शिक्क्याची प्रत.